मुदत मागताना सरांच्या वाचनाचे दिवसही मोजा

प्रश्न : मी मुंबईत समाजशास्त्र घेऊन एम. ए. करते आहे. चौथे सत्र सुरू आहे. दादरच्या फूलबाजारात विक्री करणाऱ्या स्त्रियांवर माझा संशोधन प्रकल्प आहे. वीस मुलाखती ठरल्या होत्या, चौदा झाल्या, त्यांतल्या आठच उतरवून काढल्या आहेत. पहिली तीन प्रकरणे तयार आहेत, चौथे अर्धे आहे, पाचवे लिहिलेलेच नाही. पूर्ण मसुदा मार्गदर्शक सरांना शुक्रवारी, १३ मार्चला द्यायचा आहे आणि ब्लॅक बुक, म्हणजे बाइंडिंग केलेला अंतिम अहवाल, विभागात २० एप्रिलपर्यंत जमा करायचा आहे. १६ फेब्रुवारीला आई जिन्यावरून पडली, मांडीच्या हाडाचे ऑपरेशन झाले, २७ तारखेपर्यंत आम्ही रुग्णालयातच होतो. आता ती घरी आहे, पण तिचे सगळे मलाच करावे लागते. १० तारखेला नाशिकहून मावशी राहायला येणार आहे. सर शिस्तीचे आहेत, मसुदा वाचायला त्यांना दहा दिवस लागतात. एक मैत्रीण म्हणते, व्हॉट्सॲपवर "सर, थोडा वेळ हवा आहे" एवढेच टाक. दुसरी म्हणते, स्वतःच्या आजारपणाचे सांग, आईचे सांगितले तर सर ऐकणार नाहीत. मी किती दिवस मागू, काय लिहू आणि त्यामुळे गुण कापले जातील का?
— डोंबिवलीची एक विद्यार्थिनी

उत्तर : "किती दिवस मागू" हा प्रश्न तुम्ही सर्वांत आधी विचारला आहे, ते योग्यच केले, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. बहुतेक विद्यार्थी कारण कसे मांडावे याचा फार विचार करतात आणि तारीख मात्र अंदाजाने टाकतात. आठवडा मागितला तर सर रागावणार नाहीत, पंधरा दिवस मागितले तर रागावतील, अशा भीतीने आठवडा मागतात, आणि आठवडा संपला की पुन्हा त्याच दारात उभे राहतात. पहिली विनंती बहुतेक सर मान्य करतात, पण दुसऱ्या विनंतीला ते आधीच्या शब्दाची आठवण करून देतात. म्हणून सरांना काय आवडेल याचा अंदाज बांधण्याऐवजी उरलेले काम आणि हाताशी असलेले तास मांडून तारीख काढा. तुम्ही दिलेल्या माहितीवरून ती काढता येते, आपण काढूनच पाहू.

सर्वांत वेळखाऊ काम मुलाखती उतरवून काढण्याचे आहे, आणि विद्यार्थ्यांचा हिशोब बहुधा इथेच चुकतो. एका तासाचे रेकॉर्डिंग शब्दशः टाइप करायला चार ते सहा तास लागतात. बाजारातल्या गलबल्यात केलेल्या मुलाखतीचे एकेक वाक्य दोनदा-तीनदा ऐकावे लागते, म्हणून तुमच्या बाबतीत पाच तास धरणे रास्त होईल. एक मुलाखत सरासरी चाळीस मिनिटांची धरली, तर आधी झालेल्या पण न उतरवलेल्या सहा मुलाखती म्हणजे चार तासांचे रेकॉर्डिंग, अर्थात वीस तासांचे टायपिंग. राहिलेल्या सहा मुलाखती झाल्यावर त्यांचेही तेवढेच. म्हणजे चाळीस तास केवळ कान आणि बोटे यांचे काम आहे आणि ते पूर्ण झाल्याशिवाय चौथे प्रकरण पुढे सरकणार नाही.

आता मुलाखतींचे दिवस पाहा. फूलबाजार पहाटेपासून भरलेला असतो आणि दुपारी गिऱ्हाईक ओसरल्याशिवाय कोणी बाई तुमच्याशी निवांत बोलणार नाही, त्यामुळे एका दिवशी दोनपेक्षा जास्त मुलाखती धरू नका. शिवाय यंदा १९ मार्चला गुढीपाडवा आहे. पाडव्याच्या आधीचे दोन-तीन दिवस झेंडूच्या आणि हारांच्या मागणीत त्या बायकांना मान वर करायलाही वेळ नसतो. अशा दिवशी रेकॉर्डर पुढे धरणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे आणि मिळणारी मुलाखतही तुटक असेल. म्हणजे मावशी आल्यानंतरचे ११, १२ आणि १३ मार्च हेच तीन सोयीचे दिवस तुमच्या हाती आहेत. ते निसटले तर मुलाखती पाडव्यानंतर, बाजार पुन्हा सैलावल्यावरच होतील.

मावशी येईपर्यंत तुम्हाला दिवसाचे चार तास मिळतील असे मी धरते, आणि ती आल्यावर सहा. ८ आणि ९ मार्चला चार-चार, १० तारखेला सहा, आणि मुलाखतींच्या तीन दिवशी डोंबिवली-दादर जाण्यायेण्यात वेळ जात असल्याने संध्याकाळी केवळ दोन-दोन तास, असे मिळून १३ तारखेला रात्री जुन्या सहा मुलाखती उतरवून होतील. पुढच्या सहा १४ ते १७ या चार दिवसांत होतील. चौथ्या प्रकरणाच्या उरलेल्या अर्ध्या भागाला पाच दिवस धरा : १८ मार्च, आणि पाडवा सोडून २० ते २३. पाचव्या प्रकरणाला दोन दिवस, २४ आणि २५. २६ तारीख संदर्भसूची, तक्ते आणि एकदा सलग वाचून काढण्यासाठी. त्या दिवशी रामनवमी आहे, त्यामुळे टाइप करून देणारे दुकान किंवा ग्रंथालय यांवर त्या दिवशी अवलंबून राहू नका. इथे २७ मार्च येते. परंतु २७ ही तारीख मागायची नाही. तुमच्या घरी नुकतेच ऑपरेशन झालेले माणूस आहे. एखाद्या रात्री आईला ताप येईल, एखाद्या दिवशी मावशीलाच बरे नसेल. दोन-तीन दिवस राखून ठेवा आणि सोमवार, ३० मार्च ही तारीख मागा. आईला तपासणीसाठी पुन्हा कोणत्या दिवशी न्यायचे आहे हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असेल, ते एकदा पाहून घ्या. तो दिवस या काळात येत असेल तर तो पूर्ण गेला असे समजून हिशोबातून वगळा.

हा झाला तुमच्या बाजूचा हिशोब. मुदतवाढीची बहुतेक पत्रे इथेच थांबतात, आणि म्हणूनच ती सरांच्या कपाळावर आठी आणतात, कारण तुमच्या तारखेमागे सरांच्याही तारखा उभ्या असतात. ३० मार्चला पूर्ण मसुदा एकदम त्यांच्या टेबलावर ठेवला तर दहा दिवसांनी, म्हणजे ९ एप्रिलला, तो दुरुस्त्यांसह परत मिळेल. दुरुस्त्यांना आठवडा आणि बाइंडिंगला दोन दिवस धरले की १८ एप्रिल उजाडते. कागदावर हे जमते, पण मार्चअखेरीस सरांकडे तुमचा एकटीचाच मसुदा नसेल, तुमच्या वर्गातील इतरांचेही असतील, आणि त्यात परीक्षांचे काम असेलच. त्यांना दहाऐवजी पंधरा दिवस लागले तर ब्लॅक बुकची तारीख हुकते, आणि ती तारीख सरांच्या हातातली नाही. १३ मार्च सरांनी ठरवली आहे, ते ती बदलू शकतात. २० एप्रिल विभागाने ठरवलेली आहे, ती बदलायची तर मार्गदर्शकांमार्फत विभागप्रमुखांकडे रीतसर अर्ज करावा लागतो, सोबत कागदपत्रे जोडावी लागतात, आणि तरीही तो मंजूर होईलच असे नाही. तुमच्या पत्रातून सरांना पहिल्या वाचनातच कळायला हवे की तुम्ही फक्त १३ मार्च हलवायला सांगत आहात, २० एप्रिलला हात लावत नाही आहात.

त्यासाठी मसुदा तुकड्यांत द्या. पहिली तीन प्रकरणे तयार आहेत, ती आजच ईमेलला जोडा आणि त्यांची छापील प्रत १३ मार्चला, ठरलेल्या दिवशीच, सरांच्या हाती द्या. त्या दिवशी दुपारी तुम्ही दादरला असाल, तेव्हा सकाळी विभागात जाऊन मग बाजारात जा. चौथे प्रकरण मंगळवारी, २४ मार्चला द्या. ३० तारखेला पाचवे प्रकरण आणि एकत्र केलेला पूर्ण मसुदा द्या. असे केले की ३० मार्चला सरांना नव्याने वाचायला केवळ पाचवे प्रकरण उरते, आणि ज्या दिवशी त्यांना मसुदा मिळायचा होता त्या दिवशी त्यांचे हात रिकामे राहत नाहीत. माझ्या अनुभवात शिस्तीच्या शिक्षकांचे मन याच गोष्टीने वळते. त्यांना उशिराचा राग असतोच, पण त्याहून जास्त राग ठरलेल्या दिवशी काहीच न मिळण्याचा आणि काही न कळण्याचा असतो.

कारणाबद्दल तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीचे अजिबात ऐकू नका. स्वतःच्या आजारपणाचे खोटे कारण दिले तर सर प्रमाणपत्र मागू शकतात, आणि न मागितले तरी पुढचे दोन महिने ते खोटे तुम्हाला सांभाळावे लागेल. तुमच्याकडे खरे आणि पुरेसे कारण आहे. आईचे सांगितले तर सर ऐकणार नाहीत, ही भीती मला समजते, कारण "घरगुती अडचण" हे शब्द शिक्षकांच्या कानावर इतक्यांदा पडलेले असतात की त्यांतून त्यांना काहीच कळत नाही. उपाय एवढाच की तुम्ही ते शब्द वापरू नयेत. काय झाले, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यामुळे नेमके कोणते काम राहिले, हे तीन तपशील दोन वाक्यांत द्या. तिसरा तपशील सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच लोक विसरतात. आई रुग्णालयात होती एवढ्याने सरांना सहानुभूती वाटेल. त्या दिवसांत सहा मुलाखती झाल्या नाहीत आणि सहा उतरवायच्या राहिल्या, हे वाचल्यावर तुम्ही मागितलेले दिवस कुठून आले ते त्यांना कळेल. ऑपरेशन कसे झाले, रात्री किती जागलात, घरात दुसरे कोण नाही, हे पत्रात नको. ते सांगण्यासारखे नाही म्हणून नव्हे, सर भेटल्यावर आपणहून विचारतील तेव्हा सांगाच. परंतु विनंतीच्या पत्रात ते आले की समोरच्याला नकार देणे अवघड व्हावे म्हणून लिहिल्यासारखे वाटते, आणि सरांना तुमच्याबद्दल तसे वाटायला नको. डिस्चार्ज कार्डाची प्रत काढून जवळ ठेवा, पण आपणहून जोडू नका. त्यावर आईची सगळी वैद्यकीय माहिती असते. सरांनी मागितली तर द्या.

व्हॉट्सॲपवरच्या "थोडा वेळ हवा आहे" या निरोपाने अडचण अशी होते की सर "बरं" म्हणाले तरी कशाला "बरं" म्हणाले ते कोणालाच ठाऊक नसते. तुमच्या मनात तीन आठवडे असतात, त्यांच्या मनात सोमवार असतो. म्हणून ईमेल करा, आणि हे उत्तर वाचाल त्याच दिवशी करा. १३ तारखेच्या आधी पाच-सहा दिवस हाताशी असताना केलेली विनंती सर आपले वेळापत्रक पाहून विचारात घेऊ शकतात. १२ तारखेच्या रात्री केलेली विनंती म्हणजे त्यांना नुसती बातमी कळवणे ठरते. व्हॉट्सॲपचा उपयोग नंतर, "सर, मसुद्याच्या तारखेबाबत आपल्याला ईमेल पाठवली आहे, उद्या विभागात भेटते" एवढ्यापुरता करा. आधी भेटून मग लिहावे की आधी लिहून मग भेटावे, याबद्दल मतभेद आहेत. मला विचाराल तर आधी लिहावे. समोर उभे राहून विचारले की माणूस त्या क्षणी हो किंवा नाही म्हणतो. पत्र वाचून झालेले असेल तर तो आपली तारीखवही पाहून बोलतो.

पत्र मी तुमच्यासाठी खाली लिहून देते. शब्द तुमचे करून घ्या, पण क्रम बदलू नका : आधी मागणी आणि तारीख, मग कारण, मग काय तयार आहे आणि उरलेले कधी मिळेल. शिक्षक ईमेल मोबाइलवर, दोन तासिकांच्या मध्ये वाचतात. तिसऱ्या ओळीपर्यंत मागणी कळली नाही तर "नंतर बघू" म्हणून ते बाजूला ठेवले जाते.

विषय : प्रकल्प अहवालाचा पूर्ण मसुदा १३ मार्चऐवजी ३० मार्च रोजी देण्याची परवानगी मिळण्याबाबत

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

माझ्या प्रकल्प अहवालाचा पूर्ण मसुदा आपल्याला शुक्रवार, १३ मार्च रोजी द्यायचा आहे. तो मी त्या दिवशी पूर्ण देऊ शकणार नाही. आपली परवानगी असल्यास तो सोमवार, ३० मार्च रोजी सकाळी ११ वाजेपर्यंत देईन. ब्लॅक बुक जमा करण्याच्या २० एप्रिल या तारखेत मी कोणताही बदल मागत नाही.

१६ फेब्रुवारी रोजी माझी आई जिन्यावरून पडली व तिच्या मांडीच्या हाडाचे ऑपरेशन झाले. २७ फेब्रुवारीपर्यंत मी तिच्यासोबत रुग्णालयात होते आणि सध्या घरी तिची देखभाल करते आहे. या काळात वीसपैकी सहा मुलाखती राहिल्या आणि झालेल्या सहा मुलाखती उतरवून काढायच्या राहिल्या. १० मार्चपासून नातेवाईक मदतीला येत असल्याने मला कामासाठी रोज पुरेसा वेळ मिळेल.

पहिली तीन प्रकरणे पूर्ण झाली असून सोबत जोडली आहेत. त्यांची छापील प्रत १३ मार्चला सकाळी आपल्याला विभागात आणून देते. चौथे प्रकरण मंगळवार, २४ मार्चला आणि पाचव्या प्रकरणासह पूर्ण मसुदा ३० मार्चला देईन, म्हणजे आपल्याला सर्व वाचन एकदम करावे लागणार नाही.

३० मार्च ही तारीख आपल्या वेळापत्रकात बसत नसेल, तर मुलाखती वीसऐवजी सोळा करून पूर्ण मसुदा २४ मार्चला देता येईल. त्याने अभ्यासात उणीव राहील का, हे आपण सांगावे. उद्या आपल्याला विभागात भेटायला येते.

आपली विद्यार्थिनी,

नावाखाली हजेरी क्रमांक, सत्र आणि मोबाइल क्रमांक लिहा. "मी आपली फार अपराधी आहे", "कृपया एवढ्या वेळी समजून घ्या" अशी वाक्ये मी मुद्दाम घातलेली नाहीत. तुमच्याकडून काही चूक झालेली नाही, आणि ज्यात चूक नाही त्यात अपराध कबूल केला तर समोरच्यालाही तुमची काहीतरी चूक असावी असे वाटू लागते. शेवटी "आपल्याला होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व" एवढे घालायचे असेल तर घाला, सरांच्या वेळापत्रकाला त्रास होणारच आहे.

सोळा मुलाखतींचा पर्याय का दिला, ते सांगते. सरांसमोर केवळ हो किंवा नाही एवढेच ठेवले तर घाईत नाही म्हणणे सोपे असते. दोन तारखा आणि त्यांची किंमत मांडली की ते त्यांतून निवडतात. हा पर्याय पोकळ नाही, त्याचा हिशोबही जुळतो : दोनच मुलाखती ११ मार्चला केल्या तर उतरवण्याचे सारे काम १३ तारखेपर्यंत संपते, चौथे प्रकरण पाडव्याच्या आदल्या दिवशी हातावेगळे होते आणि पाचवे २१ तारखेपर्यंत होऊन संदर्भसूची आणि सलग वाचनासाठी २२ आणि २३ हे दोन दिवस उरतात. परंतु हा निर्णय तुम्ही एकटीने घ्यायचा नाही, कारण राहिलेल्या सहाजणी कोण आहेत यावर तो अवलंबून आहे. नव्या मुलाखतींतून आता आधीचेच पुन्हा ऐकू येत असेल तर सोळा पुरतील. पण समजा, वसईकडून स्वतःच्या वाडीतली फुले घेऊन येणाऱ्या बायका याच सहांत असतील आणि आधीच्या चौदांत बहुतेक दादरलाच माल घेऊन विकणाऱ्या असतील, तर त्यांना गाळल्यावर अभ्यासाचा एक कोपराच नाहीसा होईल. भेटायला जाताना राहिलेल्या सहाजणींची माहिती एका कागदावर लिहून न्या. सर तो कागद पाहून दोन मिनिटांत सांगतील.

गुणांविषयी : तोंडी परीक्षेला बसणारे बाहेरचे परीक्षक अहवाल आणि तुमची उत्तरे पाहतात, मसुदा मार्गदर्शकांकडे कोणत्या तारखेला आला हे त्यांना कळण्याचे कारण नसते. मात्र काही विभागांत अंतर्गत गुणांमध्ये वेळेवर काम दाखवण्याला काही गुण ठेवलेले असतात. प्रकल्पाच्या सुरुवातीला मूल्यमापनाचा जो तक्ता दिला असेल त्यात ते पाहा. तसे गुण असतील तर भेटीत एकदा सरळ विचारा, पत्रात नको. मुदत आणि गुण एकाच पत्रात आले की गुणांसाठी घासाघीस चालली आहे असा रंग चढतो.

सरांनी तोंडी "ठीक आहे" म्हटले तर त्याच संध्याकाळी त्याच ईमेलखाली एक ओळ लिहा : "आज भेटीत आपण सांगितल्याप्रमाणे चौथे प्रकरण २४ मार्चला आणि पूर्ण मसुदा ३० मार्चला देते. आभारी आहे." सरांनी दुसरी तारीख दिली असेल तर ती लिहा. दोन कामकाजाचे दिवस उत्तर आले नाही आणि भेटही झाली नाही, तर मौन म्हणजे होकार असे धरू नका. पुन्हा एक छोटी आठवण पाठवा आणि विभागात जाऊन या.

आणि नाहीच म्हणाले, १३ तारखेलाच सगळे हवे म्हणाले, तरी रडकुंडीला येण्याचे कारण नाही. त्यांना मसुदा हवा आहे, छापायला तयार अहवाल नको. पहिली तीन प्रकरणे द्या, चौथे प्रकरण उतरवलेल्या मुलाखतींच्या आधारे आहे तेवढे द्या, आणि जिथे मजकूर यायचा आहे तिथे चौकोनी कंसात "इथे वसईच्या विक्रेत्यांच्या मुलाखतींवरचा भाग येईल" असे स्पष्ट लिहा. पाचव्या प्रकरणाच्या जागी मुद्द्यांचे एक पान जोडा. मोकळ्या जागा दाखवलेला मसुदा शिक्षकांना चालतो. त्या लपवण्यासाठी घाईने भरलेली पाने मात्र त्यांना लगेच ओळखू येतात आणि ती तुम्हाला पुन्हा लिहावीच लागतात. मुलाखती त्यानंतरही चालू ठेवता येतील.

कार्यालयात काम करणारे अनेक वाचकही असेच विचारतात, त्यांच्यासाठी एवढेच सांगते की सरांच्या जागी व्यवस्थापकाला आणि विभागाच्या जागी ग्राहकाला ठेवा. साहेबांनी ग्राहकाला कोणती तारीख कबूल केली आहे हे आधी विचारून घ्या आणि तुमची नवी तारीख त्याच्या आत ठेवा. ती आत बसत नसेल तर कोणता भाग आधी देता येईल हे सांगा, म्हणजे साहेबांना पुढे कळवायला काहीतरी हातात असेल.

परवानगी मिळाल्यावर १७ मार्च या तारखेकडे लक्ष ठेवा. ठरल्याप्रमाणे त्या रात्रीपर्यंत बाराच्या बारा मुलाखती उतरवून झालेल्या असायला हव्यात. दोनपेक्षा जास्त राहिल्या असतील तर राखून ठेवलेले दिवस तिथेच संपले, आणि ३० तारीख गाठणे कठीण आहे असे समजा. अशा वेळी जोर लावून भरून काढू म्हणून गप्प बसू नका. १८ तारखेला सकाळीच सरांना लिहा की इतक्या मुलाखती राहिल्या आहेत, २४ तारखेला चौथे प्रकरण या एका विभागाशिवाय मिळेल, आणि तो विभाग ३० तारखेच्या मसुद्यात येईल. या निरोपाने कोणतीही तारीख पुढे जात नाही, फक्त कोणत्या दिवशी काय मिळेल ते बदलते, आणि सरांना ते सहा दिवस आधी कळते. २४ तारखेला मात्र जे लिहून झाले असेल ते घेऊन विभागात जाच, प्रकरण मनासारखे उतरले नसले तरी.